जिभेवरील सकाळचा पांढरा थर

झोपेतून उठल्यावर जिभेच्या पृष्ठभागावर, विशेषतः तिच्या मागच्या भागात, दिसणारा पांढरट किंवा पिवळसर लेप. त्यात गळून पडलेल्या पेशी, जिवाणू, लाळेतील चिकट प्रथिने आणि अन्नाचे सूक्ष्म कण असतात. पातळ थर निरोगी माणसाच्या जिभेवरही असतो.

जिभेवर सुतासारखे बारीक, टोकाशी केराटिनचे आवरण असलेले असंख्य उंचवटे असतात. त्यांत चव ओळखणाऱ्या कलिका नसतात. त्यांचे काम घर्षणाचे. दिवसा चावणे, बोलणे, गिळणे आणि लाळेचा प्रवाह यांमुळे त्यांची टोके झिजत राहतात. जागेपणी काही न खाता मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ सुटते. गाढ झोपेत ती जवळजवळ थांबते आणि गिळणेही क्वचितच होते. त्यामुळे पेशी उंचवट्यांमध्येच अडकतात, त्यांवर ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू पोसतात आणि त्यांच्या गंधकयुक्त वायूंमुळे सकाळी तोंडाला वास येतो.

तोंड उघडे ठेवून झोपणारा, घोरणारा किंवा नाक चोंदलेला माणूस उठतो तेव्हा हा थर जाड व कोरडा असतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दिवसभर शेतात घाम गाळून अपुरे पाणी पिणाऱ्याच्या तोंडाला संध्याकाळपासूनच कोरड पडलेली असते. सर्दीच्या व रक्तदाबाच्या काही गोळ्या, तसेच अनियंत्रित मधुमेह यांनीही लाळ कमी होते. एकादशीच्या किंवा नवरात्राच्या उपवासात जीभ पांढरी दिसली की ‘पोट साफ नाही’ असे म्हटले जाते. पण चावणे कमी झाल्याने घर्षण आणि लाळ दोन्ही घटतात, एवढे कारण त्यासाठी बहुधा पुरेसे असते. कळण्याची भाकरी चावून खाणाऱ्याच्या जिभेवरून न्याहारीनंतर बराचसा थर निघून जातो, तो याच न्यायाने.

अस्वच्छता हे दुसरे कारण. दात घासले तरी जीभ तशीच राहते, आणि वास येणारा थर मुख्यतः मागच्या भागात असतो. जिभलीने मागून पुढे, हलक्या हाताने दोन-तीन वेळा ओढून प्रत्येक वेळी ती धुवावी. जोर लावल्यास जीभ सोलवटते. तोंड कोरडेच राहिले तर लाभ काही तासांचाच ठरतो. मशेरी लावण्याने दात घासल्याचे समाधान मिळते. तथापि ती भाजलेली तंबाखूच असल्याने तोंडाच्या त्वचेला इजा होते, स्वच्छता होत नाही.

बुरशीचा संसर्ग हा निराळा प्रकार. कॅन्डिडा ही बुरशी अनेक निरोगी तोंडांत निरुपद्रवीपणे राहते. लाळ घटली, प्रतिजैविकांनी जिवाणूंचा समतोल बिघडला किंवा प्रतिकारशक्ती खालावली की ती फोफावते. तिचे पांढरे ठिपके दह्याच्या कवड्यांसारखे दिसतात आणि जिभेखेरीज गालांच्या आतल्या बाजूस व टाळूवरही उमटतात. बोटाला ओले स्वच्छ फडके गुंडाळून पुसले असता ते निघतात, पण खाली लालभडक, कधी रक्ताळणारी जागा राहते. सकाळचा साधा थर पुसल्यावर खाली नेहमीची गुलाबी जीभ दिसते. पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा मात्र या दोहोंत बसत नाही. तंबाखू, गुटखा वा मशेरी घेणाऱ्याने तो दंतवैद्याला तातडीने दाखवावा, कारण तो कर्करोगपूर्व असू शकतो.

नमुन्यादाखल साठीतील एक शेतकरी घेऊ. त्यांना मधुमेह आहे, ते दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढतात आणि कवळी रात्रीही काढत नाहीत. थर न्याहारीनंतरही जात नाही, तिखट शेवभाजी खाताना जीभ झोंबते आणि कवळीखालील टाळू लाल झालेला आहे. येथे पुसण्याची चाचणी संसर्गाकडे बोट दाखवते. शंका असल्यास खरवडलेला अंश पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू पाहतात. डॉक्टर सहसा क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावायचे औषध किंवा तत्सम बुरशीनाशक एक ते दोन आठवडे देतात. कवळीवर बुरशी तशीच राहिली तर संसर्ग परत येतो. म्हणून ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी लागते. पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकावी लागते आणि रक्तातील साखरही तपासून घ्यावी लागते. अशा रुग्णाने नुसती जिभली चालवली तर दुखऱ्या जागेची आग तेवढी वाढते.