एजीएम राहिली, फॉर्म राहिले: दंड कोण ठरवणार, आरओसी, आरडी का एनसीएलटी?
(आमच्या सांगलीच्या प्रायव्हेट लिमिटेड ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दरवर्षी दिवाळीनंतर एक-दोन जण तरी आकुर्डीच्या आरओसी म्हणजे कंपनी रजिस्ट्रारच्या ऑफिसचं पत्र हातात घेऊन येतात आणि खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, "साहेब, हे कोर्टाचं हाय का?" बहुतेक वेळा ते कोर्टाचं नसतंय. पण दंड कोण ठरवणार हे ज्या चुकीमुळे पत्र आलंय त्यावर ठरतं, आणि एकाच सप्टेंबरमधल्या एकाच हयगयीतून दोन वेगवेगळ्या चुका होतात हे लोकांच्या लक्षात येत नाही. म्हणून एकच केस सांगतो.

हळद पावडरची छोटी कंपनी, दोन भाऊ डायरेक्टर, शेअर सगळे घरातच. 31 मार्च 2023 ला वर्ष संपलं म्हणजे वार्षिक सभा, आपण एजीएम म्हणतो ती, 30 सप्टेंबर 2023 पर्यंत व्हायला हवी होती. भावाभावांत गोदामावरून धुसफूस, अकाउंट्सवर सह्या झाल्या नाहीत, सभा राहिली. सभा नाही म्हणून बॅलन्स शीटचा AOC-4 नाही आणि वार्षिक रिटर्नचा MGT-7A पण नाही. थोरल्याचं म्हणणं, "सभाच झाली नाही तर फॉर्म कशाचा भरायचा?" कंपनी कायदा तसं मानत नाही. सभा ज्या दिवशी व्हायला पाहिजे होती तिथून AOC-4 ला 30 दिवस आणि MGT-7A ला 60 दिवस, म्हणजे 30 ऑक्टोबर आणि 29 नोव्हेंबर, सभा होवो न होवो.

20 मे 2024 ची तारीख असलेली कारणे दाखवा नोटीस आली. ईमेल जुन्या अकाउंटंटच्या आयडीवर गेला होता, त्यानं चार दिवसांनी सांगितलं. नोटीस फक्त फॉर्म न भरल्याची होती, कलम 92 आणि 137 ची. इथं कायद्यात "पेनल्टी" असा शब्द आहे, आणि पेनल्टी म्हणजे अ‍ॅडज्युडिकेशन, कलम 454. ती ठरवतो अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑफिसर, आपल्याकडं पुण्याचे आरओसी. कोर्ट नाही, वकील लागेलच असंही नाही, लेखी उत्तर द्यायचं, पाहिजे तर सुनावणी मागायची. 16 सप्टेंबर 2024 पासून हे सगळं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरच ऑनलाइन चालतं.

आता यातली सगळ्यात कामाची गोष्ट. या दोन कलमांपुरती एक सवलत आहे: नोटीस निघायच्या आधी किंवा नोटीस निघाल्यापासून 30 दिवसांच्या आत फॉर्म भरून टाकला तर पेनल्टी लागतच नाही, प्रकरण तिथंच संपतं. निघाल्यापासून, हातात पडल्यापासून नव्हे! म्हणजे 19 जून ही शेवटची तारीख आणि त्यातले चार दिवस ईमेलनं आधीच खाल्लेले. दोघांना समोरासमोर बसवलं, ऑडिट रिपोर्टवर सह्या झाल्या, 21 दिवसांची सभेची नोटीस द्यायला वेळ नव्हता म्हणून सगळ्या सभासदांची कमी मुदतीला लेखी संमती घेतली (95 टक्के लागते, इथं घरचेच असल्यानं सगळ्यांची मिळाली), 27 मे ला सभा घेतली आणि 10 जूनला दोन्ही फॉर्म भरले. उशिराची फी मात्र सुटत नाही, प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये. AOC-4 ला 224 दिवसांचे 22,400 आणि MGT-7A ला 194 दिवसांचे 19,400, एकूण 41,800. ही फी म्हणजे पेनल्टी नव्हे, बरेच जण इथंच गल्लत करतात आणि फी भरली म्हणजे नोटीस मिटली असं समजून उत्तरच देत नाहीत. आम्ही फॉर्मची चलनं जोडून उत्तर दिलं.

20 जून उजाडला असता तर? नुसत्या AOC-4 चं बघा, 10,000 आणि वर दिवसाला 100, कंपनीला जास्तीत जास्त 2 लाख आणि डायरेक्टरला माणशी 50,000 पर्यंत. स्मॉल कंपनी असेल तर निम्म्यापेक्षा जास्त लावता येत नाही. डायरेक्टरची पेनल्टी स्वतःच्या खिशातून भरायची असं ऑर्डरमध्ये बहुतेकदा लिहिलेलं असतं, कंपनीच्या खात्यातून परस्पर उरकू नका. ऑर्डर पटली नाही तर ती मिळाल्यापासून 60 दिवसांत रिजनल डायरेक्टरकडं, म्हणजे आरडीकडं, अपील. आणि 90 दिवसांत पैसेच भरले नाहीत तर मग प्रकरण खरंच फौजदारीकडं जातं, तोवर साध्या पेनल्टीचं असलं तरी.

फॉर्म मिटले. सभेचं काय? धाकटा म्हणाला, "सभा झाली की आता." झाली, पण उशिरा झाली, आणि सभा न घेण्याच्या कलम 99 मध्ये पेनल्टी नसून "फाइन" आहे, म्हणजे तो गुन्हा. इथं आरओसी काही ठरवू शकत नाहीत, 30 दिवसांची सवलत नाही, स्मॉल कंपनीची निम्मी सूटही नाही. खटल्याची वाट न बघता आपण होऊन चूक कबूल करून ठरेल ती रक्कम भरायची आणि खटला टाळायचा, याला कंपाउंडिंग म्हणतात, कलम 441. खटला दाखल झाल्यावर पण करता येतं, पण आधी केलेलं बरं.

अर्ज GNL-1 फॉर्ममधून आरओसीकडंच जातो, ते आपला अभिप्राय लावून पुढं पाठवतात. पुढं म्हणजे कुठं, ते कायद्यात बसणाऱ्या जास्तीत जास्त फाइनवर ठरतं. 25 लाखांपर्यंत आरडी, त्याच्यावर एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, त्याचं मुंबई खंडपीठ. सभेसाठी फाइन 1 लाखापर्यंत आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला 5,000 पर्यंत. या भावांचे 240 दिवस, म्हणजे 12 लाख अधिक 1 लाख, 13 लाख, आरडीकडं गेलं. हेच गणित उलटं करा, 25 लाखांतून 1 लाख वजा, उरलेले 24 लाख भागिले 5,000 म्हणजे 480 दिवस. साधारण 16 महिने सभा लांबली की तुम्ही आरडीच्या हातातून निसटून एनसीएलटीच्या दारात, तिथं वेळ आणि खर्च दोन्ही जास्त. 13 लाख ऐकून धाकट्याचा चेहरा उतरला होता, पण ती वरची मर्यादा, तेवढीच भरावी लागते असं नाही. किती ते आरडी ठरवतात, यांचं त्यापेक्षा खूपच कमीत मिटलं. मात्र सभा घेऊन चूक दुरुस्त केल्यावरच अर्ज करा, सभा न घेता माफी मागणं काही शोभत नाही आणि चालतही नाही.

एकदा कंपाउंडिंग झालं की तीच चूक पुढची 3 वर्षं पुन्हा कंपाउंड होत नाही, आणि पेनल्टीच्या चुकीत 3 वर्षांत पुन्हा सापडलात तर दुप्पट. फसवणुकीसारखे कैद आणि दंड दोन्ही असलेले गुन्हे तर कंपाउंडिंगमध्ये बसतच नाहीत, त्यासाठी आम्हाला फोन करू नका, वकिलांना करा.

पत्र आलं की पाकिटासकट आणा, वरची तारीख आणि कलम दोन्ही बघायचं असतं. आणि आजच पोर्टलवर कंपनीचा ईमेल कोणाचा आहे ते तपासा, सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असेल तर आमच्याकडून बदलून घ्या.