कॅटॅस्ट्रॉफिक बॅकट्रॅकिंग

रेगेक्सचा एखादा पॅटर्न रोजच्या मजकुरावर झटकन चालतो, पण जवळजवळ जुळणारी आणि शेवटी चुकणारी ओळ आली की प्रोग्राम अडकून बसतो. या दोषाला कॅटॅस्ट्रॉफिक बॅकट्रॅकिंग म्हणतात. पर्ल, पायथॉन, जावा यांची नेहमीची इंजिने एक वाट धरतात, ती फसली की मागे येऊन दुसरी धरतात. वाटांची संख्या फुगली की घोळ होतो.

समजा, नाशिकच्या द्राक्ष पॅकहाऊसमधला प्रोग्राम पेटीच्या लेबलावरचा गावाचा कोड तपासतो: मोठी रोमन अक्षरे, मध्ये हवी तर एकेक जोडरेघ.

```
^([A-Z]+-?)+$
```

`NASHIKPIMPALGAONBASWANT` लगेच जुळते. पण कुणी शेवटी चुकून एक स्पेस दिली, की `$` जुळत नाही आणि इंजिन मागे फिरते. आतला `+` अक्षरे गोळा करतो, बाहेरचा `+` तोच गट पुन्हा घेतो आणि जोडरेघ तर ऐच्छिक. त्यामुळे ही 23 अक्षरे एका तुकड्यात घ्या, दोन तुकड्यांत घ्या, कुठेही तोडा, सगळे चालते. दर दोन अक्षरांमधल्या 22 जागी तोडायचे की नाही, असे 2²² म्हणजे 41,94,304 प्रकार होतात. इंजिन ते सगळे तपासून मगच ‘नाही’ म्हणते. 30 अक्षरांना हाच आकडा 53 कोटींवर जातो. ओळखण्याची खूण हीच: चुकणाऱ्या ओळीत एक अक्षर वाढवले की वेळ साधारण दुप्पट होतो. म्हणून चाचणीत फक्त बरोबर कोड घातले तर हा दोष सापडतच नाही.

उपाय म्हणजे तोडण्याची जागा एकच ठेवणे:

```
^[A-Z]+(-[A-Z]+)*-?$
```

हा पॅटर्न तेच कोड स्वीकारतो, पण नवा तुकडा सुरू व्हायला आता जोडरेघ लागतेच. पायथॉन 3.11 पासून `[A-Z]++` असेही लिहिता येते. एकदा घेतलेली अक्षरे ते परत सोडत नाही.

एकात एक `+` नसतानाही पॅटर्न रेंगाळू शकतो. `\s+$` ने ओळीच्या शेवटच्या स्पेस शोधताना मध्येच 20,000 स्पेस आल्या आणि पुढे अक्षर असले, तर प्रत्येक स्पेसपासून नव्याने सुरुवात होऊन सुमारे 20 कोटी पावले पडतात. अशाच पॅटर्नमुळे जुलै 2016 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो बंद पडले होते. इथे मजकुराच्या लांबीला मर्यादा घातली की भागते, किंवा सरळ `rstrip()` वापरावे. वरच्या कोडच्या पहिल्या पॅटर्नला मात्र 40 अक्षरांची मर्यादाही वाचवत नाही.

पॅटर्न बाहेरच्या माणसाकडून येणार असेल तर इंजिनच बदलणे बरे. RE2 आणि गो व रस्टची रेगेक्स इंजिने सगळ्या वाटा एकाच वेळी पुढे नेतात, त्यामुळे वेळ लांबीच्या प्रमाणातच वाढतो. त्या बदल्यात `\1` सारखे मागचे संदर्भ आणि `(?=...)` सारखे पुढे डोकावून पाहणे सोडावे लागते.