चप्पल खरी, फरशी बनावट: आठवडाभरात विक्रीचा पूर्ण फोटोसंच

वेणीच्या कोल्हापुरी चपलेचा फोटो एआय मॉडेलला दिला आणि ‘ही जुन्या वाड्याच्या ओसरीवर दाखव’ म्हटलं, की थोड्याच वेळात देखणं चित्र हातात येतं. जरा मोठं करून पाहावं, तर वेणीचे पेड मध्येच एकमेकांत विरघळलेले दिसतात, डावा कान उजव्यापेक्षा रुंद झालेला असतो आणि अंगठा अडकवायच्या गोल पट्टीच्या जागी रबरी स्लिपरसारखी दोन बोटांमधली पट्टी आलेली असते. गिऱ्हाइकाला हे चित्र आवडेल, पण घरी आलेली चप्पल वेगळी निघेल आणि ती परत येईल.

असं का होतं ते आधी समजून घेऊ, कारण आठवड्याची सगळी आखणी त्यावरच बेतलेली आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यातली मॉडेलं चित्रावर थेट काम करत नाहीत. ती आधी चित्र आकसून घेतात. लांबी-रुंदीत आठ-आठ पिक्सेलचा एक चौकोन म्हणजे मोजक्या आकड्यांचा एक कप्पा. मग या कप्प्यांत भरलेला यादृच्छिक गोंगाट पायरीपायरीने कमी करत नवं चित्र घडवलं जातं आणि शेवटी ते पुन्हा पसरवलं जातं. आता हिशेब करा. चित्र १०२४ पिक्सेल रुंद आहे, २६ सेंटिमीटरची चप्पल त्यात साठ टक्के रुंदी व्यापते, म्हणजे साधारण ६१५ पिक्सेल. एका मिलिमीटरला जेमतेम अडीच पिक्सेल आले. मॉडेलचा एक कप्पा चपलेवरचे जवळजवळ साडेतीन मिलिमीटर झाकतो, आणि वेणीचा पेड असतो दोन मिलिमीटरचा. तो कप्प्यातच हरवतो. मग मॉडेल ‘वेण्या साधारण अशा असतात’ या अंदाजाने तो पुन्हा रंगवतं. अंगठ्याचंही तेच: जगभरच्या चित्रांत दोन बोटांमधल्या पट्टीच्या सपाता खूप आणि कोल्हापुरी थोड्या, त्यामुळे अंदाज सपातांकडे झुकतो.

म्हणून नियम एकच. चपलेचा प्रत्येक पिक्सेल कॅमेऱ्यातून आलेला असावा, मॉडेलने फक्त भोवतालचा परिसर रंगवावा.

आठ नमुने विकायचे आहेत असं धरू. सोमवारी कागदावर यादी करा. प्रत्येक नमुन्याची सहा चित्रं, एकूण ४८. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं मुख्य चित्र, जोडी वरून मापपट्टीसह, वेणीचा जवळून फोटो आणि पायात घातलेली चप्पल ही चार निव्वळ फोटोची. उरलेली दोन दृश्यं, म्हणजे एकूण १६, ही मॉडेलच्या परिसराची. पायाचं चित्र मॉडेलकडून करून घ्यायचा मोह टाळा. बोटं सहा होतात हे तर आहेच, पण अंगठा पट्टीतून आत गेलाय की तिच्यावर टेकलाय हे त्याला कळत नाही, आणि चप्पल घेणारा नेमकं तेच बघतो. त्याच दिवशी विक्रीच्या संकेतस्थळाचे नियम वाचून घ्या. ॲमेझॉनला मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे तिन्ही रंगांचा आकडा २५५. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा, आणि झूम चालण्यासाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. साधा पांढरा कागद फोटोत राखाडीच येतो, तो नंतर उजळावा लागतो.

मंगळवार छायाचित्रणाचा, आणि सगळा आठवडा या एका दिवसावर उभा आहे. थेट ऊन न येणारी खिडकी डाव्या हाताला घ्या. पांढरा कार्डशीट टेबलावरून मागे भिंतीवर वळवून लावा, उजवीकडे उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा उभा करा. मोबाइल स्टँडवर, चपलेपासून सव्वा मीटर लांब, आणि २x भिंग. जवळ जाऊन रुंद भिंगाने काढलं, तर पुढचं टोक फुगतं आणि टाच बारीक होते. नुसती चप्पल बेढब दिसण्यावर हे थांबत नाही. मॉडेल फरशी साध्या भिंगाच्या हिशेबाने काढतं, मग चप्पल त्या फरशीवर टेकलेली वाटतच नाही.

दृश्यांसाठी दोनच कोन ठरवा: एक वरून तीस अंश झुकलेला, दुसरा थेट डोक्यावरून. थेट वरचा कोन सोपा, कारण त्यात क्षितिज नसतं आणि फरशीचा कोन चुकायचा प्रश्नच येत नाही. नवख्या माणसाने आधी तोच करावा. कॅमेऱ्याची उंची, कोन आणि उजेडाची बाजू वहीत लिहून ठेवा, गुरुवारी लागणार आहे. पहिल्या फोटोत चपलेशेजारी राखाडी कार्ड ठेवा आणि त्यावरून सगळ्या फोटोंचा व्हाइट बॅलन्स बसवा. चामड्याचा मधाळ तांबूस रंग जरा पिवळ्याकडे सरकला, तरी गिऱ्हाईक ‘रंग वेगळा आला’ म्हणतं. कार्डशीटवर पडलेली सावली पुसू नका, ती जपून ठेवायची आहे.

बुधवारी कातरकाम, म्हणजे चप्पल पार्श्वभूमीपासून वेगळी करणं. rembg हे मोफत साधन संगणकावर असेल, तर अख्ख्या फोल्डरचं काम एका आज्ञेत होतं:

```
rembg p photos cutouts
```

तरी प्रत्येक चप्पल डोळ्याखालून घाला. अंगठ्याच्या पट्टीखालची पोकळी हमखास भरलेली राहते आणि तिथे पांढऱ्या कागदाचा तुकडा दिसतो. गडद जांभळ्या रंगावर ठेवून पाहिलं, की असे तुकडे आणि कडेची पांढरी झालर लगेच उठून दिसते. मास्क, म्हणजे चप्पल कुठवर आहे ते दाखवणारा काळा-पांढरा आकार, एक-दोन पिक्सेल आत घेतला की झालर जाते. हातदुरुस्तीला दर चपलेला दहा-पंधरा मिनिटं धरा.

गुरुवारी सगळे नमुने घेऊन बसू नका. सर्वांत अवघड नमुना, म्हणजे गोंड्याचा, एकटाच घ्या आणि त्यावर दृश्य पक्कं करा. मास्क लावून उरलेला भाग रंगवायला सांगायचं, याला इनपेंटिंग म्हणतात. बहुतेक साधनांत मास्कचा पांढरा भाग बदलतो आणि काळा शाबूत राहतो. उलटा दिला तर कार्डशीट तशीच राहून चप्पल नवी येते, त्यामुळे ही चूक लपत नाही. वर्णन इंग्रजीत लिहिलेलं बरं, कारण ही मॉडेलं मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकलेली आहेत:

```
Prompt: empty rough grey limestone floor, large square
slabs, old house veranda, soft window light from the left,
camera looking down at 30 degrees
Negative prompt: shoes, sandals, feet, text
```

यात चपलेचा उल्लेख नाही, तो मुद्दाम टाळलाय. ‘चप्पल’ म्हटलं की मॉडेल मास्कच्या कडेपासून चप्पल पुढे वाढवतं: टाचेला उंची येते, तळ बोटभर लांबतो, किंवा शेजारी तिसरा पाय उगवतो. नको असलेल्या गोष्टी ‘no shoes’ अशा मुख्य वर्णनात लिहिल्या तर उलटाच परिणाम होऊ शकतो, कारण नकार मॉडेलला नीट कळत नाही आणि ‘shoes’ तेवढं पोचतं. त्या वेगळ्या खान्यात टाका, खाना नसेल तर लिहूच नका. शहाबादी फरशी हवी असेल तर गावाच्या नावावर विसंबू नका, रंग आणि पोत सांगा.

मग माप तपासा. वाड्यातली शहाबादी फरशी साधारण दोन फुटांची, म्हणजे साठ सेंटिमीटर. २६ सेंटिमीटरची चप्पल एका फरशीच्या अर्ध्याहून कमी दिसली पाहिजे. मॉडेलने विटेएवढ्या फरश्या काढल्या, तर चप्पल राक्षसाची वाटते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटं आहे हे त्याला जाणवतं.

शुक्रवारी तेच वर्णन आणि तीच सेटिंग सगळ्यांना लावा, थेट वरच्या दृश्याला वर्णनातला कोन तेवढा बदला. दर दृश्याला चार पर्याय, म्हणजे ६४ चित्रं, त्यातली १६ निवडायची. प्रत्येक चित्राचा सीड, म्हणजे सुरुवातीचा गोंगाट ठरवणारा आकडा, फाइलच्या नावातच लिहा, नाहीतर आवडलेलं चित्र पुन्हा मिळणं कठीण. निवडताना सुंदर कोणतं हे शेवटी बघा. आधी चप्पल वाढलेली, उजेड उजवीकडून आलेला आणि माप चुकलेली चित्रं बाजूला काढा.

शनिवारी जोडणी, जिंपमध्ये किंवा हाताशी असेल त्या साधनात. तीन थर लागतात: खाली मॉडेलची फरशी, मध्ये मंगळवारच्या फोटोतली खरी सावली ‘Multiply’ पद्धतीने, वर कातरलेली मूळ चप्पल. मास्कने चप्पल वाचवलेली असताना ती पुन्हा का चिकटवायची? कारण आकसणं आणि पसरवणं या फेऱ्यातून अख्खं चित्र जातं, त्यामुळे मास्कखालचा भागही किंचित बदलू शकतो. दोन्ही थर लावून-काढून पाहिलं की वेणीतला फरक दिसतो. याचा आणखी एक फायदा आहे. फरशी १०२४ वरून २००० पिक्सेलपर्यंत ताणली तरी चालते, ती थोडी धूसर असलेलीच बरी, आणि चप्पल मात्र कॅमेऱ्याच्या पूर्ण बारकाव्याने येते. रंग जुळत नसतील तर फरशीचा बदला, चपलेचा नाही. हाच नमुना काळ्या रंगातही विकायचा असेल, तर काळ्या जोडाचा वेगळा फोटो काढा. चामडं रंग जागोजागी कमी-जास्त पितं, ते संगणकावर रंग फिरवून येत नाही. मराठी मजकूरही इथेच फाँटने लिहा. मॉडेलच्या चित्रात देवनागरीची जोडाक्षरं बहुधा मोडतात.

रविवारी चप्पल हातात घेऊन, दिवसाच्या उजेडात, एकेक चित्र तिच्याशी ताडून पाहा: पेडांची संख्या, कानांची रुंदी, टाचेची जाडी, रंग. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरात प्रत्यक्ष मालाच्या गुणधर्मांशी जुळायला हवी, आणि जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. फाइली sRGB रंगात जेपीईजी म्हणून काढा. काही मोबाइल Display P3 या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीत फोटो जतन करतात, आणि ते तसेच चढवले तर काही पडद्यांवर लाल-तांबूस रंग फिके पडतात.

एआयने बनवलेल्या चित्रांच्या फाइलमध्ये तशी नोंद असावी, अशी गूगल मर्चंट सेंटरची अट आहे. खरा फोटो आणि एआयचा परिसर अशा मिश्र चित्रासाठी फोटोंतल्या नोंदींचे मानक ठरवणाऱ्या आयपीटीसी या संस्थेच्या यादीत वेगळी नोंद आहे, ती exiftool या मोफत साधनाने घालता येते:

```
exiftool -XMP-iptcExt:DigitalSourceType="http://cv.iptc.org/newscodes/digitalsourcetype/compositeWithTrainedAlgorithmicMedia" scene_03a.jpg
```

हे सगळ्यात शेवटी करा आणि फाइल तिथूनच थेट चढवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवून दुसऱ्या संगणकावर घेतली, तर चित्र दाबलं जातं आणि नोंदही पुसली जाते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.