शर्टातलं पाणी उकळायला कोळसा किती?

गल्लीतल्या इस्त्रीच्या दुकानात दिवसभर नेमकं कशाला उष्णता लागते? सुरकुत्या मोडायला, असं वाटतं. खरं तर बहुतेक उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. सुती धाग्याचे रेणू एकमेकांना धरून बसलेले असतात. शिंपडलेलं पाणी ती पकड सैल करतं, इस्त्रीचं वजन कापड सपाट करतं आणि पाणी उडून गेलं की पकड नव्या जागी पक्की होते. ओल राहिली तर घडी कितीही नीट घातलेली असो, तासाभरात कापड पुन्हा चुरगळतं.

200 ग्रॅमचा सुती शर्ट घेऊ. हाताने शिंपडलेलं पाणी साधारण 30 ग्रॅम धरू. ते तापवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे 77 किलोजूल लागतात, कापड तापवायला आणखी 23. म्हणजे शर्टामागे 100 किलोजूल. दिवसाला असे 120 कपडे झाले तर 12,000 किलोजूल, म्हणजे विजेच्या हिशेबात जेमतेम सव्वातीन युनिट. पाणी 30 ऐवजी 60 ग्रॅम शिंपडलं, तर मात्र ही गरज पाऊणपटीने वाढते. म्हणूनच जुने परीट कपडे शिंपडून, गुंडाळून अर्धा तास ठेवतात. थोडंच पाणी सगळीकडे मुरतं.

आता कोळशाकडे बघू. सहा किलोच्या पितळी इस्त्रीला दिवसभरात पाच किलो लाकडी कोळसा लागला असं धरू. किलोमागे अंदाजे 28,000 किलोजूल, म्हणजे एकूण 1,40,000. त्यातले कापडात पोचले 12,000, शंभरातले साडेआठ! बाकीची उष्णता भोकांतून गरम वायूबरोबर निघून जाते, झाकणावरून आणि कडांवरून हवेत जाते. शिवाय गिऱ्हाईक असो-नसो, निखारा जळतच राहतो. त्यात राख तळाशी साचली की ती रजईसारखी उष्णता अडवते. वर निखारे लालभडक आणि तळ मात्र कोमट, असं दिसलं की कोळसा वाढवू नये, आधी राख झटकावी. आणि हे सगळं उघड्यावर किंवा वारा खेळत्या जागीच करावं. शटर अर्धं ओढून काम करताना डोकं जड होऊ लागलं तर तो कार्बन मोनॉक्साइडचा इशारा असतो. त्याला वास नसतो.

विजेच्या इस्त्रीतही गळती आहेच. साधारण तेवढ्याच वजनाची गरम इस्त्री नुसती उभी असली तरी ताशी पाव युनिटाच्या आसपास उष्णता हवेत सोडते. सात तासांत दीड-पावणेदोन युनिट. कपड्यांचे सव्वातीन त्यात मिळवले की पाच युनिट झाले. स्थिर आकार सोडून युनिटला 13 रुपये धरले तर 65 रुपये. कोळसा 40 रुपये किलो धरला तर 200. स्थिर आकाराचे रोजचे वीसेक रुपये जोडले तरी दिवसाला शंभरावर फरक राहतो. दर गावोगाव वेगळे असतात, त्यामुळे आठवडाभर सकाळी कोळसा तोलून आणि मीटरचे आकडे टिपून स्वतःचा हिशेब करावा.

मग वीज घेऊनही काही जण परत कोळशाकडे का वळतात? बहुधा इस्त्री चुकीची निवडल्यामुळे. एका शर्टाला तीन मिनिटं दिली तर 100 किलोजूल म्हणजे सरासरी साडेपाचशे वॅट कापडच ओढून घेतं. घरगुती इस्त्रीचं वजन किलोभर, तिच्यात साठवलेली उष्णता अगदी थोडी. त्यामुळे ओल्या कापडावर तिचा तळ भराभर उतरतो. दुकानाला जड, 1000 वॅटचीच घ्यावी. सहा किलो पितळ 100 किलोजूल देताना 43 अंशच उतरतं, आणि तेवढ्यात हीटर भर घालत असतो.

दुसरी अडचण व्होल्टेजची. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 चे 190 झाले तर 1000 वॅटची इस्त्री 680 वॅटवर येते. गळती धरून सात तासांत पाच युनिट, म्हणजे गरज सरासरी 700 ची, त्यामुळे दिवा विझतच नाही आणि कापड ओलसर राहतं. अशा वेळी सुती बाजूला ठेवून टेरीकॉटचे कपडे उरकावेत. त्यांना पाणी कमी लागतं आणि उष्णताही.

कोळशाच्या इस्त्रीला तापमानाचा खटका नसतो, तिथे थेंब कामाला येतो. बोटाने पाणी उडवावं. थेंब पसरून चुरचुरत आटला तर टेरीकॉटचं तापमान. गोळी होऊन तळावरून पळाला तर दोनशे अंशांच्या आसपास, फक्त जाड सुतीसाठी. टेरीकॉटवर अशी इस्त्री टेकवली तर कापड चकाकतं, आणि ती चमक धुऊन जात नाही.

विजेच्या इस्त्रीत सगळ्यात आधी बिघडते ती वायर, मुठीजवळ वाकते तिथे. छताला स्प्रिंगने टांगली तर टिकते. वीज गेली की इस्त्री मिनिटाला पाच-सहा अंश उतरते, म्हणून पहिल्या दोन-तीन मिनिटांत समोरचा सुती शर्ट पुरा करून घ्यावा, मग टेरीकॉट.