कढीपत्त्याला ताक: नत्राचा जमाखर्च

आमच्या दादरच्या इमारतीत ताकाचं भांडं विसळलेलं पाणी कुणी मोरीत ओतलं, की वरच्या मजल्यावरच्या काकू हळहळतात. "अरे, कढीपत्त्याला घालायचं, कसा फोफावतो बघ!" फोफावतो हे खरंच आहे. तो ताकानेच फोफावतो का, एवढाच माझा प्रश्न.

कढीपत्त्याची आपण पानंच खुडतो, आणि पानं वाढायला सगळ्यात जास्त लागतं ते नत्र. १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. प्रथिनांचा साधारण सहावा हिस्सा नत्र, म्हणजे १ ग्रॅम. आठवडाभराच्या फोडण्यांसाठी १५ ग्रॅम पानं खुडली, तर कुंडीतून ०.१५ ग्रॅम नत्र गेलं. आता जमेची बाजू पाहू. घरच्या पातळ ताकात प्रथिनं फार तर एक टक्का. पाव कप, म्हणजे ५० मिलिलिटर ताक लिटरभर पाण्यात मिसळून घातलं, तर त्यातून ०.०८ ग्रॅम नत्र मिळतं. खुडलेल्या पानांचं जेमतेम निम्मं भरून निघालं. खोड आणि मुळं वाढायला लागतं ते वेगळंच. भांडं विसळलेल्या पाण्यात तर याचाही अंशच असतो.

शिवाय हे नत्र मुळांना लगेच मिळत नाही. ताकातलं नत्र प्रथिनांत अडकलेलं असतं. मातीतले जिवाणू ती प्रथिनं फोडून अमोनियम आणि पुढे नायट्रेट तयार करतात, तेव्हा मुळं ते शोषू शकतात. त्यामुळे "काल ताक घातलं, आज पालवी आली" यात ताकाचा हात नसतो. हात असतो तो ऋतूचा. थंडीत कढीपत्ता मलूल होतो, पानं गाळतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की आपसूक फुटतो. घरात ताक घुसळायला सुरुवातही त्याच सुमारास होते!

काकूंचा दुसरा मुद्दा आंबटपणाचा: ताकाने माती आंबट होते आणि ती कढीपत्त्याला मानवते. त्यामागे खरं विज्ञान आहे. माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पण मुंबईच्या नर्सरीत मिळणारी लाल माती बहुधा मुळातच किंचित आम्लधर्मी असते. गफलत होते ती कुंडीत प्लास्टरचा राडारोडा मिसळला गेला तर, कारण त्यातल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते. पुनर्विकास चाललेल्या गल्ल्यांत ते अगदी सहज घडतं. तिथेही ताकाचा उपयोग तात्पुरताच, कारण त्यातलं लॅक्टिक आम्ल जिवाणू काही दिवसांत खाऊन टाकतात आणि चुना तसाच राहतो. अशा वेळी माती बदललेली बरी. याउलट खालची, जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्रच कमी पडतंय.

मीठ घातलेलं ताक मात्र कुंडीत कधीही नको. घट्ट ताक ओतलं तर वर पांढरट साय धरते, आंबूस वास येतो आणि चिलटं घोंघावू लागतात.

केळ्याच्या सालींचं पाणी कढीपत्त्याच्या फारसं कामाचं नाही. सालीतलं पालाश पाण्यात सहज उतरतं, त्यामुळे ते पाणी म्हणजे पालाशाचं सौम्य द्रावण. नत्र त्यात नावाला. फुलझाडाला थोडंफार चालेल, पण ऊन नसलेल्या गॅलरीत त्याने जास्वंद फुलणार नाही.

गांडूळखताचा अर्क या दोघांपेक्षा दमदार, कारण पक्क्या खतातलं थोडं नायट्रेट आणि पालाश थेट पाण्यात येतं. एक भाग खत, दहा भाग पाणी, अधूनमधून ढवळायचं आणि चोवीस तासांच्या आत वापरून टाकायचं. झाकून ठेवलं तर मुंबईच्या उकाड्यात हवा न मिळाल्याने सडतं. गटारासारखा वास आला की फेकून द्यावं. गांडुळांच्या डब्याखाली साचणारं काळपट पाणी म्हणजे हा अर्क नव्हे, त्यात कच्च्या कचऱ्याचा निचराही असतो. अर्कात गूळ घालायचा सल्लाही मला पटत नाही. गुळावर उपयुक्त जिवाणूंबरोबर पोटाला बाधणारेही वाढू शकतात, आणि शेजारच्या कुंडीतली कोथिंबीर आपण कच्ची खातो.

खरं तर अर्कापेक्षा खतच सरळ घालावं असं मला वाटतं. दीड टक्का नत्र धरलं तर ५० ग्रॅम, म्हणजे मूठभर गांडूळखतात पाऊण ग्रॅम नत्र. ते सावकाश सुटतं, पण पाव कप ताकाच्या नऊपट आहे. मी फेब्रुवारी ते मे महिन्यातून एकदा मूठभर घालतो. पावसाळ्यात थांबतो, कारण उघड्या ग्रिलमधल्या कुंडीवर पाऊस धो धो कोसळतो आणि नायट्रेट तळाच्या भोकातून वाहून जातं. ऑक्टोबरात पुन्हा एक मूठ.

काकूंना मी हा हिशोब ऐकवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मग भांडं विसळलेलं पाणी काय मोरीत ओतू?" नाही, कुंडीतच ओता. पाणी तर लागतंच त्याला.