माळ, मुकादम आणि सम : सोलरची मराठी गच्चीवर जाते तेव्हा

"दुरुस्तीपूर्वी स्ट्रिंग काढून घ्यावी." हे वाक्य मी लिहिलं होतं. सोलर बसवणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी सूचनांचं मराठी पत्रक करायचं काम माझ्याकडे होतं आणि मूळ सूचनेतल्या 'डिस्कनेक्ट'साठी मला 'काढणे' हा शब्द सरळ, सोपा वाटला होता. डिसेंबरात निफाडजवळच्या एका शेतघरावर एका मुलाने ते वाचलं आणि वाचलं तसंच केलं. भर दुपारी, इन्व्हर्टर चालू असताना, त्याने पॅनेलच्या वायरींमधला कनेक्टर ओढून सोडवला. दोन टोकांमध्ये बोटभर लांबीची निळसर ज्वाळ उभी राहिली. वेल्डिंगच्या वेळी दिसते तशीच. हातात जाड हातमोजे होते म्हणून बोटं वाचली, पण कनेक्टर वितळून काळा पडला.

घरातल्या प्लगची पिन आपण चालू मिक्सरवरसुद्धा उपसतो आणि फार तर एक ठिणगी उडते, कारण घरातली वीज एसी आहे. ती सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते आणि ठिणगी त्या शून्याला विझते. पॅनेलकडून येणारी वीज डीसी असते, इन्व्हर्टर तिची एसी करतो. तिला शून्य नाही, त्यामुळे एकदा हवेतून वाट मिळाली की ती चालूच राहते. त्या दिवशी स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या रांगेत, साडेचारशेहून अधिक व्होल्ट होते.

आता पत्रकात असं लिहिलंय : आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद करा, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच, बंद करा, डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर करंट शून्य दिसला की मगच कनेक्टर सोडवा. एका 'काढा'च्या जागी तीन कामं आली. शिवाय खाली एक ओळ आहे : करंट शून्य झाला तरी ऊन असेपर्यंत टोकांवर व्होल्टेज असतंच, उघड्या टोकाला हात लावू नका.

त्या प्रसंगानंतर मी सगळं पत्रक पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी कसोटी एकच ठेवली. शब्द वाचून हात योग्य तेच करेल का? शब्दकोशात तो कसा दिसतो, हे नंतर.

'स्ट्रिंग'ला 'माळ' म्हणायचं ठरवलं तेव्हा मुलांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एका पॅनेलचं अधिक टोक दुसऱ्याच्या उणे टोकाला, त्याचं अधिक तिसऱ्याच्या उणेला. शाळेच्या पुस्तकातली एकसर जोडणी ती हीच. दिवाळीच्या जुन्या लुकलुकत्या माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ का जाते, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून माळेत एक कनेक्टर सैल राहिला तर सगळी माळ मेली, हेही आपोआप कळतं. एका बाबतीत मात्र हा शब्द चकवतो. दिवाळीच्या माळेत घरातले 230 व्होल्ट बल्बांमध्ये वाटले जातात, त्यामुळे बल्ब वाढवले तर प्रत्येकाचा वाटा कमी होतो, धोका वाढत नाही. पॅनेलच्या माळेत प्रत्येक पॅनेल स्वतःचे व्होल्ट वर चढवतं. ही माळ जितकी लांब, तितकी जास्त धोक्याची. हे वाक्य पत्रकात 'माळ' या शब्दाच्या लगेच खाली, ठळक अक्षरात टाकावं लागलं.

निफाडच्या त्या घरी दुरुस्ती काढायचं कारणही हेच होतं. गच्चीवर 540 वॉटची 12 पॅनेल होती आणि आधीच्या टोळीने सगळी एकाच माळेत ओवली होती. पॅनेलच्या मागच्या चिठ्ठीवर Voc 49.5 व्होल्ट छापलेलं होतं. 'खुल्या परिपथाचे विभवांतर' असं मी आधीच्या पत्रकात लिहिलं होतं आणि ते कुणीच वाचलं नव्हतं. मुलं त्याला 'ओपन व्होल्टेज' म्हणतात, म्हणजे वायर कशालाच न जोडता मीटरवर येणारं व्होल्टेज. 12 गुणिले 49.5 म्हणजे 594. इन्व्हर्टरची मर्यादा 600. गणित बसलं, असं त्या टोळीला वाटलं.

पण चिठ्ठीवरचा आकडा 25 अंश तापमानाचा असतो. पॅनेल जितकं थंड, तितकं त्याचं व्होल्टेज जास्त. या पॅनेलचं दर अंशाला 0.27 टक्के. निफाड थंडीसाठी प्रसिद्ध आहे, तिथे पहाटे 5 अंश काही नवलाचं नाही. 25 वरून 5 वर आलं की 20 अंश, म्हणजे 5.4 टक्के वाढ आणि माळेचं व्होल्टेज 626. उन्हाची पहिली तिरीप पडताच, पॅनेल तापण्याआधी, व्होल्टेज जवळजवळ पूर्ण चढतं. म्हणून थंडीत रोज सकाळी इन्व्हर्टर जास्त व्होल्टेजची चूक दाखवून चालू व्हायला नकार देत होता आणि पॅनेल तापल्यावर, दहाच्या सुमारास, मुकाट कामाला लागत होता. चूक सकाळी दिसते आणि दुपारी नाहीशी होते, ही या दोषाची खूण. इन्व्हर्टर जळाला नाही हे घरमालकाचं नशीब.

म्हणून पत्रकात 'माळेत किती पॅनेल' याचं उत्तर कधीच चिठ्ठीवरच्या नुसत्या बेरजेने देत नाही. गावातली सर्वांत थंड पहाट धरून देतो.

माळ तोडून दोन करायच्या ठरल्या, कारण 6 पॅनेलचा उतार पूर्वेला होता आणि 6 चा पश्चिमेला. आणि इथे 'एमपीपीटी' हा शब्द आडवा आला. 'कमाल शक्तिबिंदू अनुसरण' हे मी तयार केलेलं भाषांतर चुकीचं नव्हतं, पण इन्व्हर्टरच्या तळाशी MPPT1 आणि MPPT2 अशी अक्षरं कोरलेली असतात. 'पश्चिमेची माळ दुसऱ्या कमाल शक्तिबिंदू अनुसरणाला जोडा' या वाक्याचा अर्थ काय लागणार? इंग्रजीतही हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक म्हणजे काम आणि दुसरा ते काम करणारं इन्व्हर्टरमधलं स्वतंत्र दार. दारासाठी मी 'एमपीपीटी' तसंच ठेवलं, कारण डोळ्यांना समोर तेच दिसतं. काम समजावण्यासाठी मात्र बांधकामावरचा मुकादम आणला.

वाळू वाहणाऱ्या माणसाचं घमेलं शिगोशीग भरलं तर पाऊल उचलत नाही, खेपा होत नाहीत. मूठभर वाळू दिली तर तो पळत खेपा करतो, पण ढीग काही हलत नाही. मध्ये कुठेतरी असा भार असतो की तासाभरात जास्तीत जास्त वाळू जाते. घमेल्यातला भार म्हणजे व्होल्टेज, खेपा म्हणजे करंट, हललेली वाळू म्हणजे वॉट. आमच्या पॅनेलचं व्होल्टेज 49.5 ला असतं तेव्हा करंट शून्य, म्हणजे वाळू शून्य. इन्व्हर्टर ते 41.6 पर्यंत खाली ओढतो तेव्हा 13 अँपिअर मिळतात आणि चिठ्ठीवरचे 540 वॉट भरतात. पण ऊन, ढग, तापमान बदललं की हा मधला भारही सरकतो. म्हणून मुकादम सारखा भार किंचित कमी-जास्त करून बघतो. वाळू वाढली तर त्याच दिशेने पुढे, घटली तर मागे. इन्व्हर्टर दिवसभर हेच करत असतो.

ही उपमा मला आवडते ती पुढच्या नियमामुळे. एका मुकादमाकडे एकसारखीच टोळी द्यावी. सकाळी पूर्वेकडची पॅनेल समजा 8 अँपिअर देऊ शकतात आणि पश्चिमेकडची 3. दोन्ही एकाच माळेत असली तर सगळ्यांतून करंट एकच जायला हवा. मग एक तर सगळी माळ 3 वर रखडते, नाहीतर पश्चिमेकडची पॅनेल आतल्या बायपास डायोडमुळे वगळली जातात. दोन्हीकडे वाळू कमीच. दोन माळा दोन एमपीपीटींना दिल्या की प्रत्येक मुकादम आपल्या टोळीपुरता भार ठरवतो. 6 पॅनेलच्या माळेचं ओपन व्होल्टेजही 297 वर आलं, म्हणजे थंडीची भीतीही गेली.

तिसरा शब्द 'ग्रिड सिंक्रोनायझेशन'. गच्चीवर कुणी 'वीजजाळे' म्हणत नाही, 'लाईन' म्हणतात, म्हणून ग्रिडला 'लाईन'च ठेवलं. उरलेल्यासाठी 'समकालन' लिहून पाहिलं आणि खोडलं. त्यातून काय जुळवायचं हे दिसत नाही. भजनात मागाहून येऊन बसलेला टाळकरी आधी ऐकतो. चालू असलेली लय पकडतो, पण तेवढ्याने भागत नाही. लय तीच ठेवून अर्ध्या मात्रेने पुढे वाजवलं तरी सगळं बिघडतं. सम एकाच क्षणी यावी लागते, आणि आवाजही बाकीच्यांच्या बरोबरीचा लागतो. इन्व्हर्टर अगदी हेच करतो. लय म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं, सम म्हणजे लाट शून्यातून वर चढण्याचा क्षण, आवाज म्हणजे 230 व्होल्टच्या आसपासचं व्होल्टेज. ही तिन्ही जुळली की तो लाईनशी जोडून घेतो. पत्रकात मी 'लाईनच्या समेवर येणे' असं लिहिलं, आणि मुलं आता फोनवर "साहेब, समेवर आला" असं सांगतात.

घरमालकांचा नेहमीचा प्रश्नही यातून सुटतो : लाईट गेल्यावर ऊन असूनही सोलर बंद का? ठेका धरणारा थांबला की टाळकऱ्यानेही थांबायचं, असाच नियम आहे. खांबावर चढलेल्या वायरमनला बंद समजलेल्या तारेत आपल्या गच्चीवरून वीज मिळता कामा नये. लाईट परतल्यावरही इन्व्हर्टर निदान 60 सेकंद नुसता ऐकतो, मग जोडतो. ही वाट पाहणं म्हणजे बिघाड समजून मुलं बटण चालू-बंद करायची आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

निफाडच्या घरी दोन माळा झाल्या, दिवस तापू लागले आणि वेगळीच तक्रार आली. रोज दुपारी इन्व्हर्टर लाईन सोडायचा, थोड्या वेळाने धरायचा, पुन्हा सोडायचा. लाईनचं व्होल्टेज 230 च्या 80 ते 110 टक्क्यांत, म्हणजे 184 ते 253 मध्ये नसेल तर त्याने सुटायचंच असतं. मुलांनी वीज कंपनीला दोष दिला. मी दोन ठिकाणी मीटर लावायला सांगितलं. इन्व्हर्टरपाशी 254 आले, 40 मीटर दूर रस्त्याकडच्या मीटरपेटीपाशी 246. वीज बाहेर ढकलायची तर ढकलणाऱ्याचं टोक चढतं असावंच लागतं, आणि वायर बारीक असेल तर जास्त चढतं. मधे 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर होती आणि तिच्यातून 21 अँपिअर जात होते, म्हणून हा 8 व्होल्टचा चढ. मीटरपेटीपाशीच 253 च्या वर आलं असतं, तर तक्रार कंपनीकडे न्यायची होती. 10 चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर चढ 3 व्होल्टवर आला, इन्व्हर्टरपाशी 249 दिसू लागले आणि त्याने दुपारभर लाईन सोडली नाही.