कॉफीचा कप, कॅफिनची गोळी आणि चिमूटभर पूड

जानेवारी २०२१ मध्ये वेल्समधल्या २९ वर्षांच्या एका व्यायाम प्रशिक्षकाने शुद्ध कॅफिनची पूड पाण्यात मिसळून घेतली. एका वेळी ६० ते ३०० मिलिग्रॅम ही शिफारस केलेली मात्रा, आणि त्याला तेवढीच घ्यायची होती. त्याने अंदाजपंचे चमचा भरला नाही, पूड वजनकाट्यावर तोलून घेतली. पण तो काटा २ ग्रॅमपासून ५००० ग्रॅमपर्यंत मोजणारा होता. २ ग्रॅम म्हणजे २००० मिलिग्रॅम. त्याला हवी असलेली मात्रा त्या काट्याला दिसणेच शक्य नव्हते. थोड्याच वेळात त्याच्या छातीत धडधड सुरू झाली आणि त्याचा मृत्यू झाला. एक कप कॉफीनंतर रक्तात लिटरमागे साधारण २ ते ४ मिलिग्रॅम कॅफिन सापडते. त्याच्या रक्तात ३९२ मिलिग्रॅम सापडले.

कॉफीतले कॅफिन आणि पुडीतले कॅफिन यांच्या रेणूत काडीचाही फरक नाही. ‘कृत्रिम’ कॅफिन जास्त विषारी असते, ही समजूत चुकीची आहे. फरक पडतो तो किती कॅफिन किती वेळात पोटात जाते, आणि आपण किती घेतले हे आपल्याला कळते की नाही, यामुळे.

एका कप कॉफीत ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफिन धरायला हरकत नाही. एक ग्रॅम कॅफिन घ्यायचे तर असे दहाएक कप, म्हणजे जवळजवळ दोन लिटर गरम, कडू पेय पोटात रिचवावे लागेल. त्याला तासन्‌तास लागतात, आणि पाच-सहा कपांतच हात थरथरू लागतात, मळमळते, पुढचा कप नकोसा होतो. कॉफीचा पातळपणा हेच तिचे संरक्षण आहे. निरोगी प्रौढाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा चालते असे मानतात, आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्था सांगते. बहुतेक कॉफी पिणारे हिशेब न करताही त्या मर्यादेच्या आसपासच राहतात.

गोळीत हे संरक्षण अर्धे उरते. एका गोळीत सहसा १०० किंवा २०० मिलिग्रॅम असते आणि ते वेष्टनावर छापलेले असते, त्यामुळे निदान मोजता तरी येते. पण पाच गोळ्या गिळायला अर्धे मिनिटही लागत नाही. शिवाय रक्तातले कॅफिन कमाल पातळीला पोहोचायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, जेवणानंतर त्याहूनही जास्त. परीक्षेच्या आदल्या रात्री एकाने २०० मिलिग्रॅमची गोळी घेतली, वीस मिनिटांत फारसे काही जाणवले नाही म्हणून दुसरी घेतली आणि सोबत एनर्जी ड्रिंकही प्यायला, तर तासाभरात पाचशेच्या आसपास मिलिग्रॅम त्याच्या अंगावर एकदम येते. त्यात सकाळची कॉफी आहेच. कॅफिनचे अर्धायुष्य सरासरी पाच तास आहे, म्हणजे पाच तासांनीही निम्मे शरीरात असतेच. व्यायामाआधी घ्यायच्या मिश्रणांत आणि काही डोकेदुखीच्या गोळ्यांतही कॅफिन असते, आणि ते बेरजेत धरायचे राहून जाते.

पुडीत मात्र संरक्षण काहीच उरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हिशेबाने एक छोटा चमचा शुद्ध पूड म्हणजे सुमारे २८ कप कॉफीएवढे कॅफिन. २०० मिलिग्रॅम हवे असेल तर चमच्याचा सोळावा भाग घ्यावा लागेल. तो डोळ्यांनी कसा ठरवणार? पूड सैल भरली की एक वजन, दाबून भरली की दुसरे. मिलिग्रॅम मोजणारा काटा मिळतो, पण त्यानेही प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण आकडा माणूसच लिहितो. २०१५ मध्ये ब्रिटनच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात व्यायामावर कॅफिनचा परिणाम तपासणारा प्रयोग चालू होता. दोन विद्यार्थ्यांना ०.३ ग्रॅम कॅफिन द्यायचे होते. दशांश चिन्ह चुकले आणि ३० ग्रॅम दिले गेले. शंभरपट. दोघांना अतिदक्षता विभागात डायलिसिसवर ठेवावे लागले, ते वाचले, आणि विद्यापीठाला चार लाख पौंडांचा दंड झाला. कॉफी देऊन प्रयोग केला असता तर ही चूक होणे अशक्य होते. प्रत्येकासमोर तीनशेच्या वर कप मांडायची वेळ आली असती. अमेरिकेत २०१८ पासून ग्राहकांना शुद्ध कॅफिनची घाऊक पाकिटे विकणे बेकायदा मानले जाते. माझ्या मते हे योग्यच आहे, कारण इथे सावध माणसालाही चुकायला फार थोडी जागा आहे.

साधारण १२०० मिलिग्रॅम शुद्ध कॅफिन झटकन घेतले तर झटके येण्यासारखे गंभीर परिणाम दिसू शकतात. प्रौढासाठी घातक मात्रा १० ग्रॅमच्या आसपास सांगतात, पण त्याहून कमी मात्रेतही मृत्यू झाले आहेत. नेहमीच्या मात्रेत कॅफिन मेंदूतल्या अडिनोसिन या झोप आणणाऱ्या पदार्थाचे काम अडवते, म्हणून झोप लवकर येत नाही. मात्रा खूप वाढली की ॲड्रिनलिनसारखी संप्रेरके भरमसाट सुटतात आणि रक्तातले पोटॅशियम घसरते. मग हृदयाचे ठोके आधी वेगाने आणि पुढे अनियमित पडू लागतात. त्यातच कॅफिनचा निचरा करणारे यकृतातले विकर एवढ्या मात्रेला पुरे पडत नाही आणि पाच तासांचा हिशेब कोलमडतो.

हे विकर सगळ्यांत सारखे काम करत नाही. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत कॅफिन शरीरातून बाहेर पडायला तिप्पट वेळ लागू शकतो आणि ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. म्हणून गरोदर स्त्रीसाठी दिवसाची मर्यादा सर्व पेये धरून २०० मिलिग्रॅम आहे, आणि गोळ्या-पुडीला त्यात जागा नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनीही निचरा मंदावतो. फ्लुव्होक्सामिन हे नैराश्यावरचे औषध किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चालू असेल तर एरवी साधी वाटणारी गोळी कितीतरी जास्त मात्रेसारखी लागू पडते. दम्यावरचे थिओफिलिन हे तर कॅफिनचे रासायनिक भावंडच. दोघांचे दुष्परिणाम एकमेकांत भर घालतात. हृदयाच्या ठोक्यांचा विकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फिट्स, पॅनिक ॲटॅक किंवा वाढलेले थायरॉइड असणाऱ्यांनी आणि लहान-किशोरवयीन मुलांनी या गोळ्यांपासून दूर राहावे. पुडीपासून सगळ्यांनीच.

कुणी जास्त घेतल्याची शंका आली तर वारंवार होणाऱ्या उलट्या, हातांची थरथर, बेचैनी आणि छातीतली धडधड ही ठळक लक्षणे. झोपून उतरेल म्हणून वाट पाहू नये आणि मुद्दाम उलटी काढू नये. मध्येच झटका आला तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. रुग्णालयात पाकीट सोबत न्यावे आणि किती, किती वाजता घेतले ते सांगावे. सुरुवातीच्या तासात पोटातले कॅफिन धरून ठेवणारा सक्रिय कोळसा देता येतो, आणि कॅफिनचा रेणू लहान असल्याने ते डायलिसिसने रक्तातून काढता येते. गोळ्या घेतलेल्या माणसाला तेव्हा बरे वाटत असले तरी न्यावेच, कारण पोटातल्या सगळ्या गोळ्या अजून विरघळलेल्या नसतात.